क्लच नेमका कुठे पकडतो?

ॲक्टिव्हा चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तुमच्या गाडीला क्लच आहे का? नाही, असंच उत्तर येईल. पण क्लच तिलाही असतो. मागच्या चाकाजवळ, पट्ट्याच्या कव्हराखाली एक वाटोळा ड्रम असतो आणि त्याच्या आत ब्रेकसारखे दिसणारे शू. इंजिन सावकाश फिरत असतं तोवर छोट्या स्प्रिंग त्या शूंना आत धरून ठेवतात आणि ड्रम जागचा हलत नाही. मूठ पिळली, इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण 2500 ते 3000 च्या घरात गेले, की शू बाहेर फेकले जातात. ते आधी ड्रमला घासतात आणि मग घट्ट धरतात. या घासण्याच्या काळातच गाडी उभी असते ती चालू लागते, आणि तेही इतक्या अलगद, की चालवणाऱ्याला मध्ये काही घडलं याचा पत्ताच लागत नाही.

गिअरच्या गाडीवर हेच घासणं आपल्या डाव्या हाताकडे येतं. नवीन असं एवढंच आहे. गिअर बदलायला पाय दोन दिवसांत शिकतो, त्याची फारशी धास्ती बाळगू नये. माणसं रडकुंडीला येतात ती पहिल्या दहा फुटांत. गाडी एक तर धापकन बंद पडते, नाही तर बेडकासारखी उडी मारते. दोन्हींचं मूळ स्कूटरने लावलेल्या एका सवयीत आहे. स्कूटरवर क्लच कधी पकडणार हे इंजिनाचा वेग ठरवतो, त्यामुळे ‘रेस दिली की गाडी निघते’ हे अंगात मुरलेलं असतं. गिअरच्या गाडीवर रेस आणि निघणं यांचा थेट संबंध नाही. क्लच दाबलेला असताना कितीही रेस द्या, नुसता आवाज वाढतो. आणि तशाच वाढलेल्या आवाजात क्लच सुटला, की सगळी ताकद एकदम चाकावर येते.

मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या उजव्या पोटात, ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे पातळ चकत्यांची एक चळत असते. घर्षणाचा थर दिलेली एक चकती, मग साधी पोलादी चकती, पुन्हा थराची, पुन्हा पोलादी, अशी. एका प्रकारच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या प्रकारच्या गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगांनी ही चळत दाबून धरलेली असते, म्हणून एरवी सगळ्या मिळून एकजीव फिरतात. आपण डावीकडचा लिव्हर दाबतो तेव्हा क्लच वायर त्या स्प्रिंगांचा दाब उचलते, चकत्या सैल होतात आणि इंजिन चाकापासून सुटं होतं. लिव्हर हळूहळू सोडला, की दाब हळूहळू परत येतो. आधी चकत्या एकमेकींना घासतात, मग पूर्ण पकडतात. या घासण्याच्या पट्ट्याला मेकॅनिक मंडळी ‘हाफ क्लच’ म्हणतात. नाव अर्ध्याचं असलं तरी ही जागा लिव्हरच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. एखाद्या गाडीत ती मुठीच्या जवळ असते, एखादीत लिव्हर जवळजवळ पूर्ण सुटेपर्यंत काहीच होत नाही.

लिव्हरच्या प्रवासाचे तुकडे लक्षात आले की बरीचशी भीती जाते. पूर्ण दाबलेल्या लिव्हरपासून सोडायला सुरुवात केली, की पहिल्या टप्प्यात काहीही घडत नाही. चकत्या अजून सुट्याच असतात. त्यानंतर जेमतेम बोटभर रुंदीचा पट्टा येतो, सगळं घडतं ते इथे. पुढे उरलेला प्रवास पुन्हा रिकामा, कारण चकत्यांनी तोवर पूर्ण पकडलेलं असतं. नवशिक्याचा हात फसतो तो पहिल्या टप्प्यात. काहीच होत नाही असं पाहून तो धीट होतो, लिव्हर झरझर सोडू लागतो आणि नेमका कामाचा पट्टा पळत्या हाताने ओलांडतो. म्हणजे ‘क्लच हळू सोड’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे. पहिला टप्पा हळू सोडून काही मिळत नाही. पट्टा आला की मात्र हात हळू करून भागत नाही, तो थांबवावा लागतो.

किती वेळ थांबवायचा? इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. 100 ते 125 सीसीच्या साध्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिन सुमारे 40 वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. मुठीला हात न लावता इंजिन मिनिटाला 1400 फेरे घेत असेल, तर चाकाचे 35 फेरे होतात. अठरा इंची चाकाचा घेर टायरसकट जवळपास 1.9 मीटर. म्हणजे मिनिटाला 66 मीटर, तासाला चार किलोमीटर. रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. थोडी रेस देऊन इंजिन 2000 फेऱ्यांवर ठेवलं, तरी हिशोब ताशी पावणेसहा किलोमीटरपर्यंतच जातो, म्हणजे झपझप चालण्याइतका.

या आकड्यांचा अर्थ असा, की गाडी चालण्याच्या वेगाला आली की इंजिन आणि चाक यांचा मेळ बसलेला असतो आणि क्लचला घासण्यासारखं काही उरत नाही. त्याचं सगळं काम शून्यापासून चालण्याच्या वेगापर्यंत, म्हणजे दीड-दोन सेकंदांचं. तेवढ्यापुरता हात त्या पट्ट्यात धरून ठेवायचा, गाडीने आपल्या लांबीएवढं अंतर कापलं की उरलेला लिव्हर बिनधास्त सोडायचा. पुढचा वेग मुठीने घ्यायचा, क्लचने नाही.

गाडी बंद का पडते तेही या हिशोबातच आहे. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. 1400 फेऱ्यांना सेकंदाला साधारण बारा स्फोट. क्लच एकदम सोडला तर उभं चाक इंजिनाला आपल्या वेगाकडे खेचतं, म्हणजे शून्याकडे. फेरे 600 वर आले की सेकंदाला पाचच स्फोट उरतात. दोन धक्क्यांमधला वेळ इतका वाढतो, की गाडी हिसके देऊ लागते आणि पुढचा स्फोट होण्याआधी इंजिन दम टाकतं. ते धडधडणं सुरू झालं की रेस वाढवण्याच्या फंदात पडू नये, लिव्हर पुन्हा दाबावा. इंजिन सुटं होताच आपोआप सावरतं. लिव्हर दाबणं ही या शिक्षणातली सुटकेची वाट आहे आणि ती कायम मोकळी ठेवायची. बोटं लिव्हरवरून उठवायची नाहीत ती याचसाठी.

माझ्या भाचीला कॉलेजपासून स्कूटरची सवय. वडिलांची जुनी 100 सीसीची मोटरसायकल घरात उभी होती, ती शिकायची म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या रिकाम्या सपाट मैदानावर गेलो. (तिच्याकडचं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं होतं. गिअरच्या गाडीसाठी वेगळी नोंद करून घ्यावी लागते. तोवर रस्त्यावर न्यायची तर नवं शिकाऊ लायसन्स आणि लाल अक्षरातला ‘एल’ हवाच.) मी चावी खिशातच ठेवली. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाकायला लावला आणि म्हटलं, पायाने गाडी पुढे ढकल. गाडी जेमतेम हलून अडली, कारण चाकाला बंद इंजिन जोडलेलं होतं. मग तसंच पायाने रेटत राहायला सांगून लिव्हर अगदी सावकाश दाबायला लावला. एका जागी गाडी सुटली आणि पुढे घरंगळली.

“मामा, सुटली! इथेच ना?”

“तिथेच. आता तिथून किंचित सोड बरं.”

पुन्हा अडली. लिव्हर जिथे दाबल्यावर गाडी मोकळी होते, तिथेच तो सोडताना ती पकडते. डोळे मिटून चार-सहा वेळा हे केलं की बोटांना ती जागा ठाऊक होते, आणि तेही पेट्रोल न जाळता, बंद न पडता, न दचकता. गाडी शिकवणारे हा टप्पा का गाळतात मला कळत नाही. एक मात्र आहे, रात्रभर उभ्या गाडीत ऑइल थंड आणि घट्ट असतं, चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि लिव्हर दाबूनही गाडी थोडी जड ढकलली जाते. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून मग बंद केलं तर अंदाज अचूक येतो.

त्यानंतर इंजिन चालू, पण उजवा हात मुठीवर नुसता टेकलेला. पिळायचा नाही. दोन्ही पाय जमिनीवर. पहिला गिअर आणि लिव्हर त्या ओळखीच्या जागेपर्यंत. जागा आली की आधी कानाला कळतं, इंजिनाचा सूर खाली येतो. पाठोपाठ गाडी पुढे रेटायला लागते. एवढं झालं की लिव्हर परत दाबायचा. गाडी हातभर पुढे जाते आणि घरंगळत थांबते. पुन्हा सोडायचा, पुन्हा दाबायचा. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाचीने गाडी अशी हातहातभर चालवली, पाय जमिनीवरून चालत होते. परत येताना मी सांगितलं, आता त्या जागी आल्यावर दाबू नकोस, नुसती थांब. गाडी चालण्याच्या वेगाला आली, तिने पाय वर घेतले आणि लिव्हर सोडून दिला. मुठीला हात न लावता गाडी चालली होती. सपाट जमिनीवर, एकटा माणूस बसलेला असताना बहुतेक छोट्या गाड्या अशा निघतात.

रेस यानंतर द्यायची, आणि देण्याचाही क्रम आहे. ‘एका हाताने क्लच सोड, एका हाताने रेस दे’ असं ऐकलं की नवखा माणूस दोन्ही हात एकाच वेळी हलवतो आणि एक हात दुसऱ्याच्या पुढे धावतो. त्यापेक्षा आधी रेस द्यावी, आवाज नुसत्या चालू इंजिनापेक्षा जरा चढा असेल इतकीच, आणि उजवं मनगट तिथे गोठवावं. मग फक्त डावा हात हलवावा. चकत्या पकडायला लागल्या की आवाज थोडा खाली येईल. तो तेवढाच खाली आला तर सगळं ठीक. कण्हल्यासारखा झाला तर रेस कमी पडली किंवा हात घाईत सुटला, आणि आवाज चढाच राहून गाडी रेंगाळली तर हात अजून पट्ट्याच्या अलीकडेच आहे. आरपीएमचा काटा असला तरी त्याच्याकडे बघू नये, तोंड खाली गेलं की तोल जातो. कान पुरतो.

भाची तिसऱ्यांदा निघाली तेव्हा गाडी हलली आणि लगेच धाडकन बंद पडली. हे सगळ्यांचं होतं. गाडी हलली म्हणजे काम झालं, असं वाटून त्याच क्षणी हात सुटतो. प्रत्यक्षात त्या क्षणी घासणं नुकतंच सुरू झालेलं असतं. “हलली की श्वास घे, मग सोड,” एवढं सांगून ते सुटलं. आणखी एकदा गाडी नुसतं गिअर टाकताच बंद पडली आणि ती चिडली, तर साइड स्टँड खाली राहिला होता. अलीकडच्या अनेक गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकला की स्वतःच इंजिन बंद करतात. त्यात क्लचचा दोष नसतो.

स्कूटरवरून येणाऱ्यासाठी एक धोका मात्र वेगळा सांगायला हवा. तिचा डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक, आणि वर्षानुवर्षं संकटात तो आवळायचा सराव झालेला असतो. मोटरसायकलवर तोच हात क्लच आवळतो. गाडी उडी मारत असेल तेव्हा ही सवय उपयोगीच पडते, कारण इंजिन सुटं होतं. पण गाडी वेगात असेल, समोर कुणी आडवं आलं, आणि हाताने फक्त डावा लिव्हर आवळला, तर गाडी थांबत नाही. उलट इंजिनाचा अडसर निघून ती मोकळी घरंगळते. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आहे आणि स्कूटरवर त्या पायाला कधी कामच नव्हतं. म्हणून निघण्याचा सराव आणि थांबण्याचा सराव एकत्रच करावा. दहा फूट जायचं, उजव्या हाताने आणि उजव्या पायाने ब्रेक, आणि गाडी थांबता थांबता डाव्या हाताने क्लच. मधल्या काळात घरची स्कूटर चालवायला घेतलीत तर उलटा प्रकार होतो. गिअर बदलायच्या भरात डावा हात आवळला जातो आणि गाडी कचकन थांबते. 125 सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरना डाव्या लिव्हरने दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात, त्यामुळे हा हिसका मागून येणाऱ्यालाही महागात पडू शकतो.

सपाटीवर जमलेलं सगळं सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या रॅम्पवर विसरायला होतं. समजा दहा फुटांमागे एक फूट चढ आहे. 115 किलोची गाडी आणि 70 किलोचा माणूस, मिळून 185. त्या चढावर मागे खेचणारी ओढ साडेअठरा किलोची भरते. मुठीला हात न लावता गाडी इथे निघणार नाही आणि पाय टेकवून धरूनही ती नीट राहणार नाही. इथे उजवा पाय ब्रेकवर आणि डावा जमिनीवर, हे आधी ठरवून घ्यावं. ब्रेक दाबलेलाच ठेवून सपाटीपेक्षा जास्त रेस द्यायची आणि लिव्हर पकडीच्या जागेपर्यंत आणायचा. आवाज खाली येतो आणि गाडी ब्रेकला पुढे रेटू लागते. हे जाणवलं की मगच पाय उचलायचा, हात तिथेच ठेवून. गाडी मागे येत नाही, कारण आता तिला इंजिन धरून आहे. पाय आधी उचलणं आणि मग क्लच शोधणं, हा उलटा क्रम झाला की गाडी मागे घसरते, माणूस घाबरून लिव्हर सोडतो आणि बाकीचं रॅम्पवरचे लोक बघतात.

पण ब्रेक न लावता नुसत्या हाफ क्लचवर गाडी चढावर तरंगत ठेवणं, जे सिग्नलला बरेच जण मोठ्या ऐटीत करतात, ते करू नये. ऑइलमधला क्लच दोन-चार सेकंदांचं घासणं सहज सोसतो, कारण उष्णता ऑइल घेऊन जातं. मिनिट-मिनिटभर घासला तर थर जळतो. क्लच गेल्याची खूण ओळखायला सोपी आहे. वरच्या गिअरमध्ये चढाला मूठ पिळली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

नव्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीवर क्लच ‘वेगळाच’ वाटतो तो बहुतेकदा वायरीमुळे. लिव्हरच्या टोकाशी थोडी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. किती, ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि बऱ्याच साध्या गाड्यांत ती 10 ते 20 मिलिमीटर असते. ढिलाई फार वाढली तर लिव्हर पूर्ण दाबूनही चकत्या पुरत्या सुटत नाहीत. गिअर टाकला की गाडी क्लच दाबलेला असतानाही पुढे ओढते आणि उभ्या गाडीचं न्यूट्रल सापडता सापडत नाही. अजिबात ढिलाई नसेल तर उलट होतं, चकत्या कधीच पूर्ण पकडत नाहीत आणि घसरत राहतात. सर्व्हिसिंगहून गाडी आली की वायर आवळलेली असते आणि पकडीची जागा सरकलेली असते. गर्दीत शिरण्याआधी ती एकदा बोटांनी शोधून घ्यावी.

ज्या घरात स्कूटर आणि मोटरसायकल दोन्ही आहेत तिथे ऑइलच्या डब्याकडेही लक्ष हवं. स्कूटरचा क्लच कोरडा, इंजिनाच्या ऑइलबाहेर असतो, म्हणून तिच्यासाठी जास्त निसरडं ऑइल बनवतात. त्या डब्यावर ‘जासो एमबी’ असा दर्जा छापलेला असतो. मोटरसायकलच्या चकत्यांना पकडायला घर्षण लागतं, तिला ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हवं. स्कूटरचं उरलेलं अर्धा लिटर मोटरसायकलमध्ये ओतलं, तर चांगल्या चकत्याही घसरू शकतात. चूक डब्याची, आणि शिकणारा दोष देत बसतो आपल्या डाव्या हाताला.